मार्शलचा कोंडवाडा आणि मायामीचा किनारा

१ एप्रिल १९८० या दिवशी हवानामध्ये काही क्यूबन नागरिकांनी एक बस पेरू देशाच्या वकिलातीच्या कुंपणात घुसवली आणि आत आश्रय मागितला. चिडलेल्या क्यूबन सरकारने वकिलातीबाहेरचा पहारा उठवला, तेव्हा थोड्याच दिवसांत सुमारे १०,००० माणसं त्या आवारात जमा झाली. मग २० एप्रिलला सरकारने जाहीर केलं की ज्याला देश सोडायचा असेल त्याने मारिएल बंदरातून खुशाल जावं. फ्लोरिडात आधीपासून राहणाऱ्या क्यूबन कुटुंबांनी मिळेल ती बोट भाड्याने घेऊन नातेवाईकांना आणायला सुरुवात केली. शरद ऋतूत हा ओघ थांबला तोवर सुमारे १ लाख २५ हजार माणसं समुद्र ओलांडून अमेरिकेत आली होती आणि त्यांतली जवळपास निम्मी मायामीतच राहिली. काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या माणसांची मायामीतली संख्या त्यामुळे काही महिन्यांत ७ टक्क्यांनी वाढली. आलेल्यांपैकी बहुतेकांना इंग्रजी येत नव्हतं, आणि सुमारे ६० टक्के जणांचं हायस्कूलही पुरं झालेलं नव्हतं. म्हणजे ते ज्या कामांसाठी रांगेत उभे राहणार होते, ती कामं शहरातले सर्वांत कमी शिकलेले लोक करत होते.

या घटनेचा मायामीतल्या मजुरीवर काय परिणाम होईल, हे सांगायला फार अभ्यास लागत नाही असं वाटतं. मजुरीचा दर ही कामाची किंमत. विकणारे वाढले आणि घेणारे तेवढेच राहिले, तर किंमत उतरते. थोडा हिशेबही मांडता येतो. समजा, मजुरी १ टक्क्याने उतरली तर मालक १ टक्का जास्त माणसं कामावर ठेवतात. मग ७ टक्के नव्या माणसांना सामावून घेण्यासाठी मजुरी साधारण ७ टक्क्यांनी उतरायला हवी. मालक याच्या निम्मीच माणसं वाढवणार असतील, तर उतार १४ टक्क्यांच्या आसपास जाईल. आकडा कोणताही धरला तरी दिशा एकच, खाली. या हिशेबात एक छोटं वाक्य गृहीत धरलेलं आहे. मराठी पाठ्यपुस्तकांत ते मागणीच्या आणि पुरवठ्याच्या नियमांना जोडून येतं : इतर परिस्थिती स्थिर असताना. अर्थशास्त्रज्ञ त्यासाठी ‘सेटेरिस पॅरिबस’ हे लॅटिन शब्द वापरतात. विद्यार्थी ते पाठ करतात आणि सोडून देतात. प्रत्यक्षात नियमातला सर्वांत जड भाग तोच आहे.

हे वाक्य अर्थशास्त्रात रुजवण्याचं मोठं श्रेय केंब्रिजच्या आल्फ्रेड मार्शल यांना जातं. १८९० साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी त्यासाठी एक प्रतिमा वापरली, आणि मराठी वाचकाला ती इंग्रजी वाचकापेक्षाही लवकर उमगावी. गावात मोकाट जनावरं पकडून ठेवायला कोंडवाडा असतो. मार्शल म्हणत होते की व्यवहारात अनेक कारणं एकाच वेळी हलत असतात आणि माणसाची बुद्धी ती सगळी एकदम हाताळू शकत नाही. म्हणून ज्या कारणांचं भटकणं तूर्त अडचणीचं आहे त्यांना कोंडवाड्यात घालावं, एकाच कारणाचा विचार पुरा करावा आणि मग एकेक जनावर बाहेर सोडत जावं. प्रश्न जितका अरुंद कराल तितकं उत्तर नेमकं मिळेल, पण तितकंच ते खऱ्या जगापासून दूर असेल, हेही त्यांनी स्पष्ट केलं होतं. म्हणजे कोंडवाडा ही मुक्कामाची जागा नव्हती. वादविवादांत मात्र बहुतेक वेळा पहिलीच पायरी होते. जनावरं कोंडली जातात, उत्तर काढलं जातं आणि कोंडवाड्याची किल्ली कुठे ठेवली ते विसरलं जातं.

मायामीच्या बाबतीत कोंडवाड्याचं दार उघडून पाहायचं काम डेव्हिड कार्ड या अर्थशास्त्रज्ञाने केलं. त्यांचा लेख १९९० साली प्रसिद्ध झाला. कार्ड यांच्यापुढे अडचण अशी होती की १९७९ ची मायामी आणि १९८१ ची मायामी यांची नुसती तुलना करून काहीच कळणार नव्हतं, कारण मधल्या काळात सबंध अमेरिकेची अर्थव्यवस्था हलली होती. म्हणून त्यांनी चार शहरं निवडली : अटलांटा, लॉस एंजेलिस, ह्यूस्टन आणि टॅम्पा-सेंट पीटर्सबर्ग. कृष्णवर्णीय आणि स्पॅनिशभाषक लोकसंख्या मोठी असलेली ही शहरं होती आणि आधीच्या वर्षांत त्यांतला रोजगार साधारण मायामीसारखाच वाढत आला होता. मारिएलची माणसं तिथे उतरली नव्हती. तर्क असा की या शहरांत जे घडलं तेच बोटी आल्या नसत्या तर मायामीत घडलं असतं. तेवढं वजा केलं की उरेल तो बोटींचा परिणाम. नव्या माणसांशी सर्वांत जास्त स्पर्धा ज्यांची होईल असं वाटत होतं त्या कृष्णवर्णीय कामगारांचे आकडे पाहा. मायामीत त्यांच्यातली बेकारी १९७९ मध्ये ८.३ टक्के होती, १९८१ मध्ये ती ९.६ झाली. नुसतं एवढंच पाहणारा म्हणेल, बोटींमुळे बेकारी वाढली. पण तुलनेच्या शहरांत याच दोन वर्षांत ती १०.३ वरून १२.६ वर गेली होती. मायामीतली वाढ १.३, तिकडची २.३. म्हणजे मायामीची स्थिती इतरांच्या मानाने बिघडली नव्हती, झालंच तर १ टक्क्याने बरी होती. मजुरीच्या दरांतही बोटींची खूण सापडली नाही. कामकऱ्यांची संख्या एका झटक्यात ७ टक्क्यांनी वाढली होती आणि बाजाराने ती जवळपास आवाज न करता पचवली होती.

मग पुरवठ्याचा नियम खोटा ठरला का? माझ्या मते इथे घाई करून चालणार नाही. कोंडवाड्यातली जनावरं दोन जातींची असतात, आणि ही जात ओळखल्याशिवाय या निष्कर्षाचा अर्थच लागत नाही. काही जनावरं आपल्या मर्जीने भटकतात. आपण ज्या कारणाचा विचार करतो आहोत त्याच्याशी त्यांचा संबंध नसतो, ती फक्त योगायोगाने त्याच वेळी रस्त्यावर आलेली असतात. दुसरी जात त्या कारणाच्याच दोरीला बांधलेली असते. कारण हललं की दोरी ताणली जाते आणि ती जनावरं मागोमाग चालू लागतात. पहिल्या जातीची हालचाल हिशेबातून वजा केलीच पाहिजे, नाहीतर आपण दुसऱ्याचंच कर्म बोटींच्या नावावर मांडू. दुसऱ्या जातीची हालचाल वजा करणं मात्र चूक आहे, कारण ती बोटींच्या परिणामाचाच भाग आहे. ‘इतर परिस्थिती स्थिर असताना’ हे एकच वाक्य दोन्ही जातींना एकाच दाराआड लोटतं, आणि बहुतेक गोंधळ तिथून सुरू होतो.

दोरीला बांधलेल्या जनावरांपासून सुरुवात करू. मारिएलहून आलेला माणूस फक्त दोन हात घेऊन आला नव्हता. त्याला भूक होती, डोक्यावर छप्पर हवं होतं. नातेवाइकांच्या आधाराने, सरकारी मदतीने आणि लवकरच स्वतःच्या कमाईने तो भाकरी, चपला, बसचं तिकीट विकत घेऊ लागला. या प्रत्येक खरेदीमागे कुणाचं तरी काम होतं. समजा, ७ टक्के नव्या हातांबरोबर शहरातल्या कामाची मागणीही ४ टक्क्यांनी वाढली. मग बाजाराला पचवायचे ते ३ टक्केच उरतात, आणि मघाचा ७ टक्क्यांचा उतार ३ वर येतो. हे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, पण एक गोष्ट त्यांतून दिसते. कामाचा पुरवठा आणि कामाची मागणी या दोन रेषा कागदावर वेगवेगळ्या काढता येतात, माणूस मात्र दोन्ही रेषांवर एकाच वेळी उभा असतो. बटाट्याचं पीक वाढलं म्हणून बटाटे खाणारे वाढत नाहीत. माणसांच्या बाबतीत ते होतं. बटाट्यासाठी चाललेला कोंडवाडा माणसांसाठी तसाच वापरला की तर्क बिनचूक दिसतो आणि उत्तर चुकतं.

हे एकच जनावर होतं असं नाही. कार्ड यांच्या लक्षात आलं होतं की १९८० नंतर मायामीची लोकसंख्या वाढण्याचा वेग उरलेल्या फ्लोरिडाच्या मानाने मंदावला. मारिएल झालं नसतं तर जे लोक अमेरिकेच्या इतर भागांतून किंवा इतर देशांतून मायामीला आले असते, त्यांतले काही आलेच नाहीत असा त्याचा एक अर्थ होतो. ते दुसऱ्या शहरांत गेले, आणि ओझं न दिसता वाटलं गेलं. शिवाय मायामी हे काही कोरं शहर नव्हतं. १९५९ च्या क्रांतीनंतर तिथे क्यूबन लोक येतच होते, त्यांचे कपडे शिवण्याचे कारखाने होते, दुकानं होती, स्पॅनिशमध्ये चालणारे व्यवहार होते. नव्या माणसाला भाषा न शिकता ज्या कामावर लागता येईल अशा जागा तिथे वीस वर्षांत तयार झाल्या होत्या. पुढे ईथन लुइस यांनी आणखी एक शक्यता पुढे आणली. स्वस्त हात भरपूर असल्यामुळे मायामीतल्या उद्योगांनी संगणकासारखी हातांची गरज कमी करणारी साधनं इतर शहरांपेक्षा सावकाश घेतली असावीत. हे खरं असेल तर मजुरी न उतरण्याची किंमत कुठे तरी मोजली गेली, फक्त ती मजुरीच्या रकान्यात दिसली नाही. घरभाड्याच्या रकान्यात तर ती स्पष्टच दिसली. अल्बर्ट साइझ यांच्या अभ्यासानुसार १९७९ ते १९८१ या काळात मायामीतली भाडी तुलनेच्या शहरांपेक्षा ८ ते ११ टक्क्यांनी जास्त वाढली. घरं एका उन्हाळ्यात बांधून होत नाहीत, म्हणून ताण तिथे पडला. मजुरी तीच राहिली आणि भाडं वाढलं, तर गरीब भाडेकरूच्या हातात महिन्याच्या शेवटी कमीच उरतं. मारिएलचा परिणाम झालाच नाही असं सांगणाऱ्यांनी आणि तो मजुरीवरच झाला असणार असं सांगणाऱ्यांनी, दोघांनीही हा रकाना बराच काळ पाहिला नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. प्रत्येक वेळी सगळीच जनावरं मोकळी सोडायची असतील, तर मग अर्थशास्त्राने सांगायचं तरी काय? कुठल्याही प्रश्नाला ‘अवलंबून आहे’ एवढंच उत्तर उरेल. मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. कोंडवाड्याशिवाय विचार सुरूच करता येत नाही. पुरवठा वाढला तर किंमत उतरेल, ही अपेक्षा हाताशी नसती तर मायामीतली स्थिर मजुरी कुणाला आश्चर्याची वाटलीच नसती, आणि मागणी, स्थलांतर, भाडी यांचा शोध कुणी घेतला नसता. नियमाने दिलेलं उत्तर टिकलं नाही, पण कुठे खणायचं ते त्यानेच दाखवलं. न मान्य होणारा अर्धा भाग असा की ‘अवलंबून आहे’ म्हणजे काहीही होऊ शकतं असं नव्हे. कशावर अवलंबून आहे हे आता सांगता येतं. आलेली माणसं तिथेच खर्च करतात की पैसे घरी पाठवतात, त्यांना सामावणारे उद्योग आधीच आहेत की नाहीत, इतरांना शहर सोडण्याची किंवा टाळण्याची मुभा आहे की नाही, आणि किती काळ लोटल्यावर आपण मोजतो आहोत. शेवटचा मुद्दा मार्शल यांना सर्वांत जवळचा होता. घाऊक मासळीच्या भावाचं उदाहरण घेऊन त्यांनी दाखवलं होतं की एका दिवसाचं उत्तर, वर्षा-दोन वर्षांचं उत्तर आणि पिढीभराचं उत्तर वेगळं येतं, कारण प्रत्येक टप्प्यावर कोंडवाड्यातून वेगळं जनावर बाहेर पडलेलं असतं. नावा तेवढ्याच असताना मासळी महाग होते, नव्या नावा बांधल्या गेल्या की चित्र पालटतं.

आता दुसरी जात, म्हणजे आपल्या मर्जीने भटकणारी जनावरं. १९८० च्या मायामीत ती कमी नव्हती. बोटी येत असतानाच, मे महिन्यात, एका कृष्णवर्णीय माणसाच्या मृत्यूप्रकरणी पोलिसांची निर्दोष सुटका झाली आणि शहरात दंगल उसळली. त्यात १८ जणांचा बळी गेला आणि कृष्णवर्णीय वस्त्यांतली दुकानं आणि गोदामं जळाली. त्याच काळात हैतीहूनही हजारो माणसं बोटींनी येत होती. १९८० च्या पहिल्या सहामाहीत देशात मंदी होती आणि १९८१ च्या मध्यावर दुसरी, जास्त खोल मंदी सुरू झाली. यांतली मंदी सगळ्या शहरांवर आली, म्हणून तुलनेच्या शहरांनी ती वजा होते. दंगल मात्र फक्त मायामीत झाली. ती अटलांटाच्या आकड्यांनी वजा होऊ शकत नाही. कार्ड यांची सगळी रीत एका गृहीतावर उभी आहे : बोटी सोडल्या तर मायामी आणि ती चार शहरं एकाच चालीने चालली असती. लक्षात घ्या, हे पुन्हा ‘इतर परिस्थिती स्थिर’च आहे. एका शहरातली परिस्थिती स्थिर नसते हे मान्य करून आपण तुलना घेतली, आणि ते वाक्य एक पायरी वर सरकलं. आता शहरांमधला फरक स्थिर असायला हवा.

तो स्थिर असतो का, हे तपासायची संधी १९९४ साली मिळाली. त्या उन्हाळ्यात हजारो क्यूबन लोक पुन्हा तराफ्यांवर आणि होड्यांवर बसून निघाले आणि दुसरं मारिएल होणार अशी चिन्हं दिसू लागली. पण अध्यक्ष क्लिंटन यांच्या सरकारने आरमाराला त्यांना समुद्रातच अडवून ग्वांतानामोच्या तळावर नेण्याचा हुकूम दिला. त्या वेळी मायामीच्या किनाऱ्याला लागले ते फार थोडे. जोशुआ अँग्रिस्ट आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी पुढे एक फार सुंदर प्रश्न विचारला. कार्ड यांची रीत, तीच शहरं आणि तोच गट घेऊन या न घडलेल्या घटनेचा परिणाम मोजला तर काय येईल? यायला हवं शून्य. त्यांनी मोजलं. मायामीतल्या कृष्णवर्णीय कामगारांची बेकारी १९९३ मध्ये १०.१ टक्के होती, १९९५ मध्ये १३.७ झाली. तुलनेच्या शहरांत ती ११.५ वरून ८.८ वर उतरली. इकडे ३.६ वर, तिकडे २.७ खाली. एकूण फरक ६.३. जे लोक आलेच नाहीत त्यांनी सव्वासहा टक्के बेकारी वाढवल्याचं या रीतीने शपथेवर सांगितलं असतं. म्हणजे त्या दोन वर्षांत बोटींशी संबंध नसलेलं काही तरी मायामीला तुलनेच्या शहरांपासून दूर ओढत होतं. आणि तसं काही १९९४ मध्ये ६.३ एवढं असू शकतं, तर १९८० मध्येही, उलट्या दिशेने, असू शकलं असतं. एखादा खरा वाईट परिणाम त्या योगायोगाने झाकला गेला असेल का, हे एका शहराच्या एका घटनेवरून ठामपणे सांगता येत नाही. या प्रकरणातून एकच तंत्र कुणी उचलायचं असेल तर ते हे उचलावं. जिथे परिणाम नसायलाच हवा अशा जागी आपली मोजपट्टी लावून पाहायची. तिथेही ती आकडा दाखवू लागली तर समजायचं की पट्टीच थरथरते आहे, आणि कितीने थरथरते तेही कळतं.

वाद इथे थांबला नाही. हार्वर्डचे जॉर्ज बोर्हास यांनी २०१७ साली मायामीचे जुने आकडे पुन्हा उघडले. बोर्हास स्वतः हवानात जन्मले आणि १९६२ साली लहानपणी अमेरिकेत आले, म्हणून हा प्रश्न त्यांच्यासाठी परका नव्हता. त्यांचं म्हणणं, कार्ड यांनी गट फार मोठा धरला. मारिएलची बहुतेक माणसं हायस्कूल न झालेली होती, तर परिणामही फक्त हायस्कूल न झालेल्या, स्पॅनिश वंशाच्या नसलेल्या, २५ ते ५९ वयाच्या पुरुषांत शोधा. तसा शोधल्यावर त्यांना मजुरीत १० ते ३० टक्क्यांची घसरण सापडली. मुद्दा तर्काला धरून होता, कारण सरासरीत बुडालेला मार अरुंद गटातच दिसू शकतो. पण गट अरुंद केला की दुसरी अडचण येते. ज्या पाहणीतून हे आकडे आले तिच्यात या वर्णनात बसणारे मायामीचे पुरुष वर्षाला वीसएकच निघत. मायकेल क्लेमेन्स आणि जेनिफर हंट यांनी या मूठभर माणसांकडे नीट पाहिलं, तेव्हा दिसलं की नेमक्या १९८० च्या सुमारास त्यांतलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण एकदम वाढलं होतं. गरीब कृष्णवर्णीय पुरुष सरकारी पाहण्यांतून सुटून जातात ही जुनी तक्रार होती आणि त्या काळात जनगणना विभागाने त्यांना गाठण्याचे प्रयत्न वाढवले होते. या पुरुषांची मजुरी आधीपासूनच कमी होती. ते नमुन्यात जास्त आले की सरासरी उतरते, जरी कुणाच्याही हातातली मजुरी एका पैशानेही कमी झालेली नसली तरी. बोर्हास यांनी हा खुलासा मान्य केला नाही. जियोव्हानी पेरी आणि वासिल यासेनोव्ह यांनी तुलनेची शहरं अधिक काटेकोरपणे जुळवून पुन्हा मोजलं आणि त्यांना घसरण दिसली नाही. माझा कल कार्ड यांच्या बाजूला आहे, पण या वादातली मला सर्वांत शिकवणारी गोष्ट कुणाच्या निकालात नाही. मंदी, दंगल, मागणी या जनावरांचा आपण विचार करतो, तेव्हा मोजणाऱ्याने आपली मोजण्याची रीतच बदलली असेल हे मनातही येत नाही. कोंडवाड्याच्या यादीत पाहणी करणाऱ्या कारकुनाचंही नाव लिहायला हवं.

आणखी एक आक्षेप तत्त्वाचा आहे. ‘इतर परिस्थिती स्थिर असताना’ ही पळवाट नव्हे काय? मजुरी उतरली तर नियम खरा, नाही उतरली तर इतर परिस्थिती हलली असं म्हणायचं, म्हणजे नियम कधी हरणारच नाही. असा वापर होतो यात शंका नाही, आणि तो दोन्ही बाजूंनी होतो. स्थलांतराने कुणाचंच नुकसान होत नाही असं मानणारेही प्रतिकूल आकडा आला की मंदीकडे बोट दाखवतात. यावर उपाय एकच दिसतो. हललेल्या गोष्टीचं नाव सांगायचं, ती कोणत्या दिशेने ढकलेल ते सांगायचं आणि तिची खूण आणखी कुठे दिसली पाहिजे तेही सांगायचं. नव्या लोकांच्या खर्चामुळे मजुरी सावरली असेल, तर तो खर्च कुठे तरी उमटायला हवा. भाड्यांत तो उमटला. इतर लोक मायामीला यायचे थांबले असतील, तर लोकसंख्येच्या आकड्यात ते दिसायला हवं. तिथे ते दिसलं. नाव नसलेली, दिशा नसलेली, कुठेच खूण न सोडणारी ‘इतर परिस्थिती’ पुढे आली की तो युक्तिवाद नाकारायला हरकत नाही. २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल कार्ड आणि अँग्रिस्ट या दोघांनाही मिळालं (गुइडो इम्बेन्स यांच्यासह). अँग्रिस्ट यांनी कार्ड यांची सर्वांत प्रसिद्ध मोजणी डळमळीत असू शकते हे दाखवलं होतं, आणि तरीही दोघं एकाच परंपरेतले मानले गेले, कारण तपासणी हाच त्या परंपरेचा व्यवसाय आहे. क्रूगर तोवर हयात नव्हते.

मुंबईत बाहेरून येणाऱ्या माणसांमुळे इथल्यांच्या नोकऱ्या जातात की नाही, हा वाद १९६० च्या दशकापासून चालू आहे आणि त्यात मायामीचा निष्कर्ष उचलून आणण्याचा मोह कुणालाही होईल. तो टाळावा, दोन्ही बाजूंनी. एकूण नोकऱ्या ठरलेल्याच असतात हे गृहीत इथेही तेवढंच कच्चं आहे, कारण मुंबईत येणारा माणूसही वडापाव खातो, लोकलचा पास काढतो आणि खोलीचं भाडं भरतो. पण तो मिळकतीचा मोठा हिस्सा गावी पाठवत असेल तर ही दोरी मायामीपेक्षा सैल असेल, आणि भाड्यांवरचा ताण तर इथे कदाचित मजुरीपेक्षाही आधी मोजायला हवा. याहून मोठा फरक आणखी वेगळा आहे. मारिएलच्या बोटी मायामीत काम भरपूर आहे म्हणून सुटल्या नव्हत्या. त्यांची तारीख हवानात ठरली होती, आणि म्हणूनच कारण आणि परिणाम वेगळे काढण्याची आशा तरी करता आली. मुंबईला माणसं वर्षानुवर्षं थोडी थोडी येतात, आणि काम वाढतं तेव्हा जास्त येतात. अशा ठिकाणी स्थलांतर आणि रोजगार दोन्ही एकत्र वाढताना दिसले, तर स्थलांतराने रोजगार वाढवला असं म्हणता येत नाही. दोन्ही एकत्र घसरताना दिसले, तर स्थलांतर थांबल्यामुळे काम गेलं असंही म्हणता येत नाही. इथे जनावर दोरीला बांधलेलं आहे हे कळतं, पण दोरीचं कोणतं टोक कोण ओढतंय ते आकड्यांवरून दिसत नाही. त्यासाठी मुंबईला आपली अशी एखादी तारीख शोधावी लागेल, जी मुंबईच्या बाहेर, मुंबईशी संबंध नसलेल्या कारणाने ठरलेली असेल.